फ्लूसाठी ऑसेल्टामिविर: कोणी घ्यायचं, ४८ तास कधीपासून मोजायचे आणि मळमळलं तर काय करायचं

मी मेडिकल स्टोअर चालवतो. पावसाळ्यात आणि परत जानेवारी ते मार्च या दिवसांत या एका गोळीवरून काउंटरवर जेवढा गोंधळ होतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच गोळीवरून होत नाही. कोणी ताप येऊन पाच दिवस झाल्यावर धावत येतं, कोणी ठणठणीत असताना "घरात असू दे" म्हणून मागतं, आणि ज्याला खरंच गरज होती तो दोन गोळ्या खाऊन मळमळलं म्हणून उरलेली स्ट्रिप परत करायला येतो. म्हणून एकदाच नीट क्रमाने लिहून टाकतो. ऑसेल्टामिविर म्हणजे टॅमिफ्लू, फ्लूविर, अँटिफ्लू वगैरे नावांनी मिळणारं औषध. हे शेड्यूल एच१ मधलं आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देऊ शकत नाही, तेव्हा खालचं सगळं डॉक्टरकडे वेळेत आणि तयारीनिशी पोचण्यासाठी आणि औषध हातात आल्यावर चुका टाळण्यासाठी आहे, स्वतःच डॉक्टर होण्यासाठी नाही.

## तयारी: ताप चढायला लागला की आधी हे लिहून ठेवा

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. "काल परवापासून बरं नाही" हे डॉक्टरला काही कामाचं नाही. अंग कधी मोडून आलं, थंडी कधी वाजली, खोकला कधी सुरू झाला, यातलं जे सगळ्यात आधी झालं त्याचा वार आणि साधारण तास कॅलेंडरवर लिहा, नाहीतर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका म्हणजे आपोआप नोंद राहते.

दुसरं, पेशंटची माहिती एका कागदावर. वय, वजन, शुगर बीपी दमा हार्ट किडनी यातलं काय आहे, रोजच्या गोळ्या कुठल्या, बाई असेल तर गरोदर आहे का. आणि किडनीचा जुना रिपोर्ट असेल, म्हणजे ज्यावर क्रिएटिनिन लिहिलेलं असतं तो, तर तो फाइलमधून काढून ठेवा. हा कागद का लागतो ते चौथ्या टप्प्यात कळेल, पण बहुतेक घरांत हाच कागद ऐनवेळी सापडत नाही.

मुलांचं वजन अंदाजे सांगू नका. वजनकाटा नसेल तर तुम्ही मुलाला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. मुलांचा डोस वजनावरच ठरतो.

## टप्पा १: हा फ्लूच आहे का, याचा अंदाज

ऑसेल्टामिविर फक्त इन्फ्लुएंझा ए आणि बी या दोन व्हायरसवर चालतं. स्वाइन फ्लू म्हणतात तो एच१एन१ आणि बातम्यांत येणारा एच३एन२, दोन्ही ए मध्येच येतात. नेहमीची सर्दी, कोविड, डेंगी, मलेरिया, टायफॉइड यातल्या कशावरही याचा काही उपयोग नाही.

फ्लूचा ताप सहसा एकदम येतो. सकाळी माणूस ऑफिसला गेला आणि दुपारी चारला थंडी वाजून परत आला, असा. सोबत कोरडा खोकला, घसा, अंगदुखी, डोकं, आणि उठवत नाही इतका थकवा. साधी सर्दी हळूहळू येते, नाक आधी वाहतं आणि ताप नसतोच किंवा कणकण असते. म्हातारी माणसं आणि लहान बाळं मात्र हा नियम पाळत नाहीत, आजीला ताप फारसा नसतो पण एकदम गळून जाते, जेवत नाही, थोडी गोंधळल्यासारखी बोलते, तेही फ्लूचं रूप असू शकतं.

आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्याची आहे कारण तेव्हा फ्लू, डेंगी, मलेरिया आणि लेप्टो सगळे एकाच वेळी फिरत असतात. खोकला घसा काहीच नाही आणि फक्त ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ असेल तर डेंगीकडे बघावं लागतं. साचलेल्या पाण्यातून चालून आलात आणि मग काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं असेल तर लेप्टोचं डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे आणि ते उशिरा मिळून चालत नाही.

सावधान: डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. आणि लहान मुलांना, शाळकरी मुलांना फ्लूत अ‍ॅस्पिरिन कधीच नाही, त्याने लिव्हर आणि मेंदूला इजा करणारा एक दुर्मिळ पण भयंकर आजार होऊ शकतो.

## टप्पा २: तुम्हाला गरज आहे का

इथे सगळ्यात जास्त उलटं होतं. ज्याला गरज नाही तो घाई करतो आणि ज्याला गरज आहे तो "व्हायरल आहे, जाईल" म्हणून बसतो.

आपल्याकडच्या सरकारी गाइडलाइनमध्ये पेशंटचे गट पाडलेत. ए गट म्हणजे हलका ताप, खोकला, घसा, बाकी माणूस धडधाकट. याला ऑसेल्टामिविर नाही, टेस्टही नाही, घरी आराम आणि २४ ते ४८ तासांनी परत तपासणं. बी१ म्हणजे हेच सगळं पण ताप जोरात आणि घसा खूप दुखतोय, इथे डॉक्टर बघून ठरवतात. बी२ म्हणजे ताप हलका असला तरी माणूस धोक्याच्या गटातला, याला ऑसेल्टामिविर सुरू करायचं. सी म्हणजे दम लागतोय, छातीत दुखतंय, थुंकीतून रक्त पडतंय, नखं निळी, बीपी उतरलंय, गुंगी आलीये, किंवा आधीचा जुनाट आजार एकदम बिघडलाय. याला थेट अ‍ॅडमिट.

धोक्याचा गट म्हणजे कोण: ६५ च्या पुढची माणसं, गरोदर बायका, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, हृदय, किडनी, लिव्हर, डायबिटीस, रक्ताचे आजार, मेंदू किंवा नसांचे आजार, कॅन्सर, एचआयव्ही, बरेच दिवस स्टेरॉइडवर असलेले. पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोन वर्षांखालची आणि ज्यांना आधीपासून काही आजार आहे ती, यांच्याबाबत डॉक्टर लवकर निर्णय घेतात.

आता धडधाकट तरुण माणसाला याने मिळतं काय ते स्पष्ट सांगतो. सगळ्या अभ्यासांची एकत्र सरासरी काढली तर आजारपण साधारण १७ तास ते एक दिवस कमी होतं. म्हणजे सहा दिवसांऐवजी पाच. हॉस्पिटलमध्ये जाण्याची वेळ टळते असं अशा लोकांत ठामपणे दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जी गाइडलाइन काढली तिच्यात तर गंभीर नसलेल्या फ्लूला हे औषध देऊ नका असाच सल्ला आहे, आणि गंभीर फ्लूला द्या असं. धोक्याच्या गटातल्या पण अजून घरीच असलेल्या पेशंटबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, अमेरिकेची सीडीसी आणि आपली सरकारी गाइडलाइन त्यांना द्या म्हणतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिशीतल्या तंदुरुस्त माणसाने एक दिवस वाचवायला उलट्यांचा धोका घेण्यापेक्षा रजा टाकून झोपावं. शुगर असलेल्या आजीच्या बाबतीत मात्र मी म्हणेन आजच डॉक्टरकडे न्या.

चेक: ए गटात असाल तर पुढचे टप्पे करायची गरज नाही, फक्त शेवटच्या आधीच्या टप्प्यातली धोक्याची लक्षणं वाचून ठेवा.

## टप्पा ३: ४८ तासांचं गणित

आधी दोन दिवस का ते समजून घ्या म्हणजे नियम पाठ करावा लागणार नाही. व्हायरस घशातल्या, श्वासनलिकेतल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या हजारो कॉपी काढतो. या कॉपी बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागालाच चिकटलेल्या असतात, आणि तो चिकटलेला धागा कापायला व्हायरसकडे एक एन्झाइम असतं, न्युरामिनिडेज नावाचं, कात्रीसारखं समजा. ऑसेल्टामिविर ही कात्री जाम करतं. कॉपी पेशीलाच अडकून राहतात आणि शेजारच्या पेशींत पसरणं थांबतं. म्हणजे हे औषध व्हायरस मारत नाही, झालेलं नुकसान भरून काढत नाही, फक्त पुढचा प्रसार अडवतं.

आता व्हायरसची वाढ सगळ्यात जोरात असते ती लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तीन दिवसांत. त्यानंतर संख्या आपोआप उतरायला लागते कारण शरीर लढत असतं, आणि तेव्हा जो ताप, अंगदुखी, खोकला उरतो तो बराचसा शरीराच्या त्या लढाईचा असतो. चौथ्या दिवशी कात्री जाम करून काय मिळणार, कापायचं ते केव्हाच कापून झालंय.

आणि ४८ तास म्हणजे ४७ तासांपर्यंत पूर्ण फायदा आणि ४९ ला शून्य असंही नाही. जितकं लवकर तितकं बरं. एका मोठ्या अभ्यासात पहिल्या १२ तासांत औषध सुरू केलेल्यांचं आजारपण ४८ तासांनी सुरू केलेल्यांपेक्षा जवळपास तीन दिवसांनी कमी भरलं. म्हणून "अजून वेळ आहे, उद्या जाऊ" हा हिशोबच चुकीचा आहे.

नेहमीची चूक एक: घड्याळ ताप मोजला तेव्हापासून सुरू करणं. घड्याळ पहिल्या लक्षणापासून चालू होतं, थर्मामीटर सापडल्यापासून नाही.

नेहमीची चूक दोन: रिपोर्टची वाट बघणं. स्वॅबचा आरटीपीसीआर रिपोर्ट यायला एक दोन दिवस जाऊ शकतात, तेवढ्यात खिडकी बंद. धोक्याच्या गटातल्या माणसाला डॉक्टर लक्षणांवरूनच सुरू करतात, आणि ए बी गटाला तर टेस्ट लागतच नाही असं गाइडलाइन सांगते. पटकन होणारी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असंही होत नाही, ती बऱ्याच केसेस सोडून देते.

नेहमीची चूक तीन: आधी तीन दिवस अँटिबायोटिक खाऊन बघणं. "अ‍ॅझिथ्रो घेतोय, उतरेल" हे मी रोज ऐकतो. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, फ्लूच्या व्हायरसवर नाही, आणि त्या तीन दिवसांत नेमके हे ४८ तास निघून जातात.

उलट बाजूची चूकही आहे. ४८ तास उलटले म्हणून "आता काही उपयोग नाही" असं घरीच ठरवून टाकू नका. पेशंट अ‍ॅडमिट करण्याइतका आजारी असेल, दम लागत असेल, गरोदर असेल, तर डॉक्टर उशिराही सुरू करतात. युरोपात घरी राहून उपचार घेणाऱ्या पेशंटवर झालेल्या एका ट्रायलमध्ये वयस्क, जास्त आजारी आणि आधीपासून दुसरे आजार असलेल्यांना थोडं उशिरा सुरू करूनही दोन तीन दिवसांचा फायदा दिसला. तेव्हा उशीर झालाय की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या.

## टप्पा ४: चिठ्ठी आणि डोस, इथे पाच मिनिटं थांबा

मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे एकूण दहा कॅप्सूल.

मुलांचं वर्षाच्या पुढे वजनावर असं बसतं: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलो ४५ मिलिग्रॅम, २३ ते ४० किलो ६० मिलिग्रॅम, आणि ४० च्या वर मोठ्यांसारखं ७५, सगळं दिवसातून दोनदा. वर्षाखालच्या बाळाचा डोस पूर्ण वेगळा, तो फक्त बालरोगतज्ज्ञांनीच सांगायचा.

सिरपमध्ये घोळ होतो तो मिलिग्रॅम आणि मिलिलिटरचा. समजा चार वर्षांचा मुलगा आहे, वजन १६ किलो, डोस ४५ मिलिग्रॅम. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर पावणेचार मिलिलिटर द्यायचं. पण परदेशातून कोणी आणलेली बाटली असेल आणि तिच्यावर एका मिलिलिटरमध्ये ६ मिलिग्रॅम असेल तर साडेसात मिलिलिटर. बाटली बदलली की आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो, म्हणून मिलिग्रॅम किती ते डॉक्टरकडून आणि मिलिलिटर किती ते केमिस्टकडून, दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्या. घरातल्या चमच्याने मोजू नका, सुईशिवायची सिरिंज मागा, आम्ही देतो. सिरप पावडर स्वरूपात आलं असेल तर पाणी दुकानातच मिसळून घ्या, आणि प्रत्येक वेळी बाटली हलवूनच काढा, नाहीतर औषध तळाला बसलेलं असतं.

सिरप मिळालं नाही तर डॉक्टर कॅप्सूल उघडून द्यायला सांगू शकतात. पावडर चांगलीच कडू असते, ती गोड कशात तरी मिसळायची, गुळाचं पाणी, चॉकलेट सिरप चालतं. पण कॅप्सूल ७५ ची आणि डोस ४५ चा असेल तर अंदाजे अर्धी पावडर टाकणं असलं काही करू नका, ३० आणि ४५ च्या कॅप्सूलही येतात त्या मागा.

आता किडनी. पोटात गेल्यावर लिव्हर या औषधाला कामाच्या रूपात बदलतं आणि मग ते किडनीवाटे बाहेर जातं. किडनी मंद असेल तर औषध साठत जातं, म्हणून डोस कमी करावा लागतो. एक केस घेऊ. आजी, वय ६७, वजन ५४ किलो, पंधरा वर्षांपासून शुगर. मंगळवारी दुपारी चारला थंडी वाजली, रात्री ताप आणि खोकला. बुधवारी सकाळी मुलगा म्हणाला व्हायरल असेल, पण सुनेने मंगळवार चार वाजता असं लिहून ठेवलं होतं, ती संध्याकाळी फाइल घेऊन डॉक्टरकडे गेली. शेवटच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४. आकडा बघून वाटतं थोडासाच वाढलाय, पण वय, वजन आणि बाई असणं हे धरून डॉक्टर ज्या सूत्राने किडनीचा वेग काढतात त्याने तो येतो ३३ च्या आसपास. हा वेग ३० ते ६० मध्ये असला की मोठ्यांचा डोस ७५ ऐवजी ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा होतो. म्हणजे फाइल नेली नसती तर आजीला अडीच पट डोस गेला असता. तीसच्याही खाली असेल तर आणखी कमी, आणि डायलिसिसवाल्यांचं गणित वेगळं, ते त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टलाच विचारा.

चेक: दुकानातून निघायच्या आधी तीन गोष्टी बघा. स्ट्रिपवरचे मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतात का, कॅप्सूल पाच दिवस पुरतील इतक्या आहेत का, एक्स्पायरी काय आहे.

## टप्पा ५: पहिला डोस आणि मळमळ

पहिला डोस चिठ्ठी हातात आली की त्याच दिवशी, उद्या सकाळपासून नाही. आजीने बुधवारी रात्री नऊला घेतला, म्हणजे लक्षणं सुरू झाल्यापासून २९ तासांनी. मग दर बारा तासांनी, सकाळी नऊ रात्री नऊ.

मळमळ या औषधाचा सगळ्यात मोठा त्रास आहे पण त्याचं प्रमाण नीट बघा. मोठ्यांवरच्या अभ्यासांत औषध घेतलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांना मळमळलं, आणि तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांतही सहा जणांना मळमळलं कारण फ्लूनेच मळमळतं. उलटीचं आठ आणि तीन. म्हणजे औषधामुळे वाढ शंभरात चार पाच जणांची. मुलांत उलट्या जास्त होतात, शंभरात सोळा, खोटं औषध घेतलेल्यांत आठ. हा त्रास बहुतेकांना पहिल्या एक दोन डोसला होतो आणि औषध चालू ठेवलं तरी कमी होत जातो. पण नेमका पहिल्याच डोसला होतो म्हणून लोक तिथेच सोडून देतात.

त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पोटात काहीतरी असताना घेणं. खाल्ल्याने औषधाचा असर कमी होत नाही, त्यामुळे "अनशापोटी चांगलं लागतं" हे इथे विसरा. पण फ्लूत भूक नसते आणि मग लोक अर्धा कप चहावर गोळी घेतात, चहा म्हणजे खाणं नाही. क्रम असा ठेवा: आधी मऊ भात, खिचडी, पेज, इडली, दूध पोळी यातलं जे जाईल ते चार पाच घास, मग गोळी भरपूर पाण्यासोबत, मग अर्धा तास तरी आडवं पडायचं नाही, उशीला टेकून बसा. तेलकट, मसालेदार, वडापाव वगैरे या पाच दिवसांत नको. सगळी औषधं एकाच वेळी मूठभर घेण्यापेक्षा बाकीच्यांच्या वेळा थोड्या पुढेमागे करता येतील का ते डॉक्टरला विचारा, कारण बऱ्याचदा मळमळ सोबतच्या अँटिबायोटिकची किंवा पेनकिलरची असते आणि नाव या गोळीचं होतं. आधीपासूनच उलट्या होत असतील तर हे चिठ्ठी लिहितानाच सांगा, डॉक्टर उलटीची गोळी सोबत देऊ शकतात.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? लगेच दुसरी गोळी स्वतःच्या मनाने खाऊ नका. किती मिनिटांनी उलटी झाली आणि उलटीत कॅप्सूल दिसली का एवढं बघा आणि डॉक्टरला फोन करा. घेतल्या घेतल्या उलटी झाली असेल तर ते परत द्यायला सांगू शकतात, तास दोन तास होऊन गेले असतील तर बरंचसं औषध शोषलं गेलेलं असतं. उलट्या चालूच असतील, पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल तर ओआरएस घोट घोट सुरू करा आणि दाखवायला जा. शुगरवाल्यांनी तर नक्कीच, कारण जेवण पोटात नाही आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र रोजचं चालू आहे, अशाने शुगर एकदम खाली जाते.

अंगावर गांधी उठल्या, तोंड किंवा ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, तर ही मळमळ नाही, अ‍ॅलर्जी आहे. गोळी बंद आणि सरळ हॉस्पिटल.

## टप्पा ६: पाच दिवस पूर्ण, आणि नजर

आजीच्या दहा कॅप्सूल बुधवार रात्रीपासून मोजल्या तर शेवटची सोमवारी सकाळी येते. स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहून ठेवा, नाहीतर "सकाळची दिली का गं" हा प्रश्न घरात रोज निघतो आणि दोघीजणी वेगवेगळं सांगतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून थांबायचं नाही. एखादा डोस विसरला तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या डोसला दोन तासांपेक्षा कमी उरले असतील तर तो सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

या दिवसांत कशावर लक्ष ठेवायचं: दम लागणं, छातीत दुखणं, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा, ओठ किंवा नखं निळी, गुंगी, असंबद्ध बोलणं, थुंकीत रक्त. लहान मुलात छाती आत ओढली जाणं, दूध न पिणं, फिट, उठवूनही न उठणं. यातलं एक जरी दिसलं तरी गोळी चालू आहे म्हणून घरी थांबू नका. आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात, ताप उतरला, माणूस बसायला लागला आणि मग चौथ्या पाचव्या दिवशी परत थंडी वाजून ताप आणि पिवळा कफ. हे फ्लूनंतर होणाऱ्या बॅक्टेरियाच्या न्युमोनियाचं लक्षण असू शकतं, ऑसेल्टामिविर त्यावर चालत नाही, इथे खरोखर अँटिबायोटिक लागतं.

मुलांच्या वागण्यात अचानक बदल, भास, झोपेत उठून पळणं, अशा तक्रारी जपानमधून बऱ्याच आल्या होत्या. खुद्द फ्लूच्या तापातही असं होतं आणि दोष औषधाचाच असं सिद्ध झालेलं नाही, पण पहिले दोन दिवस मुलाला एकटं झोपवू नका, गॅलरीचं दार लावून घ्या, आणि असं काही दिसलं तर डॉक्टरला कळवा.

## टप्पा ७: घरातले बाकीचे

एकाला फ्लू झाला की बाकीचे त्याच्याच स्ट्रिपमधली एक एक गोळी "प्रिकॉशन म्हणून" खातात. यात दोन नुकसानं आहेत, पेशंटचा कोर्स अर्धा राहतो आणि खाणाऱ्याला संरक्षण काहीच मिळत नाही. आजार टाळण्यासाठी द्यायचा डोस वेगळा असतो, मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदाच पण दहा दिवस, आणि तोही सरसकट सगळ्यांना नाही, पेशंटच्या जवळ राहिलेल्या धोक्याच्या गटातल्या माणसाला डॉक्टरने ठरवून, संपर्कात आल्यापासून ४८ तासांच्या आत. तो घेताना ताप आला तर मग टाळण्याचा डोस पुरत नाही, कारण तेवढ्या कमी औषधात व्हायरस वाढत राहिला तर त्याला औषधाची सवय व्हायचा धोका असतो, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून डोस बदलून घ्या. आणि ही गोळी लसीच्या जागी चालत नाही, खाणं थांबलं की दोन दिवसांत तिचं संरक्षण संपतं.

उरलेलं सिरप पुढच्या पावसाळ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू नका. पाणी मिसळल्यावर ते मोजकेच दिवस टिकतं, किती ते लेबलवर असतं. कॅप्सूल उरल्या असतील तर त्याचा अर्थ कोर्स कुठेतरी चुकलाय, त्या ठेवून देण्याआधी कुठले डोस राहिले ते डॉक्टरला सांगा.